परदेशी शेअरचा लाभांश आणि विक्री: एका विवरणपत्रातली दोन वर्षे

प्रश्न: सर, मी हिंजवडीत एका अमेरिकी कंपनीत नोकरीला आहे. २०२२ आणि २०२३ मध्ये मला आरएसयूचे, म्हणजे कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर मिळाले, त्यांतले काही मी नोव्हेंबर २०२४ मध्ये विकले. लाभांशावर तिकडेच २५ टक्के कर कापला जातो आणि पैसे ब्रोकरच्या खात्यातच पडून आहेत, भारतात आणलेले नाहीत. आरएसयूवर कंपनीने टीडीएस कापला होता म्हणून मी आयटीआर-१ भरून मोकळा झालो. आता, डिसेंबर २०२५ मध्ये, आयकर विभागाचा परदेशी मालमत्तेबद्दल एसएमएस आला आहे. माझे नेमके काय राहिले आणि आता काय करू?

उत्तर:

आधी तारीख लक्षात घ्या. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ च्या उत्पन्नाचे, सुधारित विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येते आणि तुमच्या बाबतीत तोच सरळ मार्ग आहे. परदेशात शेअर असलेल्या रहिवाशाला आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ वापरता येत नाही, त्यामुळे सुधारित विवरणपत्र आयटीआर-२ मध्ये भरावे लागेल. सुधारणा करताना फॉर्मचा प्रकार बदलता येतो. तुम्हाला आलेला संदेश ही नोटीस नाही. २८ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ असे संदेश पाठवत आहे, कारण अमेरिकेसह अनेक देशांकडून खात्यांची माहिती करारांनुसार भारताकडे येते. २०२४ मधल्या अशाच मोहिमेनंतर २४,६७८ करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून २९,२०८ कोटी रुपयांची परदेशी मालमत्ता दाखवली होती. म्हणून संदेश आला याने घाबरू नका, पण तो बाजूलाही ठेवू नका.

आता मूळ गैरसमजाकडे वळू. आरएसयूवर कापलेला टीडीएस हा शेअर तुमच्या नावावर झाले त्या दिवसाच्या किमतीवरचा, म्हणजे पगारावरचा कर होता. त्या दिवसानंतर तुम्ही त्या शेअरचे साधे भागधारक झालात. पुढचा लाभांश आणि पुढचा नफा हे वेगळे उत्पन्न आहे, त्यावर कंपनी टीडीएस कापत नाही आणि ते फॉर्म १६ मध्येही येत नाही. पैसे भारतात आणले की नाही याचा रहिवाशाच्या करपात्रतेशी संबंध नाही. लाभांश ब्रोकरच्या खात्यात जमा झाला, किंवा त्यातून परस्पर नवे शेअर घेतले गेले, तरी तो जमा झाल्या दिवशीच तुमचे उत्पन्न ठरतो.

या विवरणपत्रात लोक सर्वाधिक चुकतात ते कराच्या दरात नाही, वर्षात चुकतात. उत्पन्न एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या आर्थिक वर्षाचे दाखवायचे असते. परदेशी मालमत्तेचा तक्ता, म्हणजे शेड्यूल एफए, मात्र १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ या कॅलेंडर वर्षाचा भरायचा असतो. एकच विवरणपत्र, पण त्यात दोन वर्षे नांदतात. त्यामुळे दोन ठिकाणचे लाभांशाचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि ते जुळायला नकोतच. माझ्या कार्यालयात येणाऱ्या हिंजवडी-खराडीच्या मंडळींची विवरणपत्रे तपासताना मी पहिल्यांदा हेच पाहतो. वर्षभरात विक्री झालेली असूनही दोन्हीकडचा लाभांश तंतोतंत सारखा दिसला, तर बहुधा एका तक्त्यात चुकीचे वर्ष घेतलेले असते.

हे एका उदाहरणाने नीट कळेल. तुमचे खरे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून गोल आकडे आणि गोल विनिमय दर घेतो. समजा १५ मार्च २०२२ रोजी १०० शेअर व्हेस्ट झाले, म्हणजे तुमच्या नावावर झाले, करापोटी ३४ वजा होऊन ६६ हाती आले. त्या वेळी कंपनीने एका शेअरची किंमत ६० डॉलर आणि दर ७५ रुपये धरून प्रत्येकी ४,५०० रुपये तुमच्या पगारात मिळवले. पुढे १५ सप्टेंबर २०२३ रोजी करवजा ४० शेअर आले, किंमत ८० डॉलर आणि दर ८२, म्हणजे प्रत्येकी ६,५६० रुपये. २० नोव्हेंबर २०२४ रोजी तुम्ही पहिल्या लॉटमधले ५० आणि दुसऱ्यातले २० शेअर ११० डॉलरना विकले. कंपनी मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या महिन्यांत शेअरमागे एक डॉलर लाभांश देते. तुमचा करपात्र पगार ३० लाख आहे आणि तुम्ही नव्या करप्रणालीत आहात असे धरू.

विक्रीपासून सुरुवात करतो. तुमचा शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेला असला तरी भारतातल्या मान्यताप्राप्त शेअर बाजारात तो नोंदलेला नाही. त्यामुळे दीर्घ मुदतीसाठी १२ नव्हे, तर २४ महिन्यांहून अधिक काळ तो जवळ असावा लागतो. मुदत शेअर व्हेस्ट झाल्यापासून मोजायची, मंजुरीच्या पत्राच्या तारखेपासून नाही. पहिला लॉट ३२ महिने तुमच्याकडे होता, म्हणून त्याचा नफा दीर्घ मुदतीचा. दुसरा १४ महिने होता, म्हणून अल्प मुदतीचा. विक्री २३ जुलै २०२४ नंतरची असल्याने दीर्घ मुदतीच्या नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के कर लागतो, तर अल्प मुदतीचा नफा तुमच्या स्लॅबने, म्हणजे ३० टक्क्यांनी करपात्र होतो. भारतीय शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर मिळणारी सव्वा लाखाची सूट आणि अल्प मुदतीचा २० टक्के दर येथे लागू नाहीत, कारण या व्यवहारावर भारतातला रोखे व्यवहार कर भरलेला नसतो. म्हणून हे आकडे कलम १११ए किंवा ११२ए च्या रकान्यात टाकू नयेत. तसे टाकले की कर कमी दिसतो आणि चूक लगेच लक्षातही येत नाही.

विक्रीची किंमत रुपयांत आणण्यासाठी, विक्री ज्या महिन्यात झाली त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक परकी चलन ज्या दराने विकत घेते तो दर, घ्यायचा, म्हणजे येथे ३१ ऑक्टोबर २०२४ चा. तो ८४ धरला, तर पहिल्या लॉटची विक्री ४,६२,००० रुपये आणि खरेदीमूल्य ५० गुणिले ४,५०० म्हणजे २,२५,००० रुपये होते. नफा २,३७,००० रुपये आणि उपकरासह कर ३०,८१० रुपये. दुसऱ्या लॉटची विक्री १,८४,८०० रुपये, खरेदीमूल्य १,३१,२०० रुपये, नफा ५३,६०० रुपये आणि त्यावर उपकरासह सुमारे १६,७२३ रुपये कर.

येथे खरेदीमूल्याबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण दोन्ही बाजूंच्या चुका मी पाहिल्या आहेत. काही जण ‘शेअर फुकट मिळाले’ म्हणून खरेदीमूल्य शून्य लिहितात आणि ज्या रकमेवर पगार म्हणून कर भरला तिच्यावर पुन्हा कर भरतात. काही जण ब्रोकरच्या स्क्रीनवरची त्या दिवसाची बाजारातली किंमत घेतात. कायद्यानुसार खरेदीमूल्य म्हणजे पगारात परक्विझिट, म्हणजे नोकरीतला वाढीव लाभ, म्हणून जी किंमत धरली गेली तीच. भारतात नोंद नसलेल्या शेअरसाठी ती किंमत मर्चंट बँकरच्या मूल्यांकनावरून ठरते, त्यामुळे ती बाजारभावापेक्षा थोडी वेगळी असू शकते. फॉर्म १६ सोबतचा फॉर्म १२बीए आणि कंपनीचे व्हेस्टिंगचे रुपयांतले विवरण काढा आणि त्यावरचाच आकडा वापरा. आणखी एक गोष्ट तपासा. करापोटी गेलेले ३४ शेअर कंपनीने आधीच राखून ठेवले, की तुमच्या खात्यात येऊन त्याच दिवशी विकले गेले? दुसरा प्रकार असेल तर ती तुमचीच विक्री आहे आणि तिचा किरकोळ नफा-तोटा त्या त्या वर्षी दाखवावा लागतो.

या नफ्यावर अमेरिका अनिवासी परदेशी व्यक्तीकडून साधारणपणे कर घेत नाही. म्हणून येथे परत मागण्यासारखा कर नसतो आणि सगळा कर भारतातच भरायचा असतो. तरीही शेड्यूल एफएसआयमध्ये, म्हणजे परदेशी उत्पन्नाच्या तक्त्यात, नफा दाखवायचाच, फक्त बाहेर भरलेल्या कराच्या जागी शून्य लिहायचे.

आता लाभांश. आर्थिक वर्षात जून आणि सप्टेंबरमध्ये तुमच्याकडे १०६ शेअर होते, विक्रीनंतर डिसेंबर आणि मार्चमध्ये ३६ उरले. म्हणजे एकूण लाभांश २८४ डॉलर आणि कापलेला कर ७१ डॉलर. दाखवायचे ते २८४, हातात आलेले २१३ नाहीत. निव्वळ रक्कम उत्पन्न म्हणून लिहायची आणि वर कापलेल्या कराचे क्रेडिटही मागायचे, ही चूक चांगल्या जाणकारांकडूनही होते. येथेही लाभांश मिळाला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा दर लागतो. जून आणि सप्टेंबरसाठी ८३, डिसेंबरसाठी ८४ आणि मार्च २०२५ साठी ८७ धरल्यास उत्पन्न २३,७५२ रुपये येते आणि त्याच दरांनी बाहेर कापलेला कर ५,९३८ रुपये. हे उत्पन्न ‘इतर स्रोत’ या शीर्षाखाली स्लॅबने करपात्र होते. ३० टक्के आणि उपकर धरून त्यावरचा कर ७,४११ रुपये होतो.

कापलेल्या ५,९३८ पैकी किती परत मागता येईल? नियम १२८ सांगतो की बाहेरचा कर आणि त्याच उत्पन्नावरचा भारतातला कर, यांपैकी जो कमी असेल तेवढेच क्रेडिट मिळते. ‘त्याच उत्पन्नावरचा कर’ स्लॅबच्या वरच्या दराने मोजायचा की एकूण उत्पन्नावरच्या सरासरी दराने, यावर व्यवसायात दोन मते आहेत. वरच्या दराने पूर्ण ५,९३८ मिळतात. या उदाहरणात सरासरी दर उपकरासह २० टक्क्यांच्या आसपास येतो, त्यामुळे मर्यादा ४,८०० रुपयांजवळ थांबते. रक्कम इतकी लहान असताना मी सरासरी दर घेतो. हजार-अकराशे रुपयांसाठी विवरणपत्राच्या छाननीत प्रश्न ओढवून घ्यावा असे मला वाटत नाही. रक्कम लाखांत असेल तर पहिल्या मताचा पाठपुरावा करणे योग्य ठरू शकते. जे क्रेडिट मर्यादेबाहेर राहते ते पुढच्या वर्षी नेता येत नाही.

तुमच्याकडून २५ टक्केच कापले जातात, म्हणजे ब्रोकरकडे तुमचा W-8BEN, म्हणजे तुम्ही अमेरिकेचे रहिवासी नाही असे सांगणारा फॉर्म, जमा आहे. तो सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपर्यंत चालतो. तो संपला की ३० टक्के कापायला सुरुवात होते. भारत-अमेरिका कराराच्या अनुच्छेद १० मध्ये व्यक्तीसाठी मर्यादा २५ टक्क्यांची आहे, त्यामुळे वरच्या ५ टक्क्यांचे क्रेडिट भारतात मागता येत नाही. विवरणात ३० टक्के दिसले, तर पहिली शंका या फॉर्मची घ्या.

क्रेडिटसाठी पोर्टलवर फॉर्म ६७ वेगळा भरावा लागतो. विवरणपत्र वेळेत भरलेले असेल तर हा फॉर्म करनिर्धारण वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत चालतो. तरी तो सुधारित विवरणपत्राच्या आधी भरावा असा माझा आग्रह आहे, कारण फॉर्म नसताना विवरणपत्राची प्रक्रिया झाली तर क्रेडिट नाकारून मागणी निघते. पुराव्यासाठी ब्रोकरचा 1042-S, म्हणजे अमेरिकेत कापलेल्या कराचा दाखला, लागतो, पण तोही कॅलेंडर वर्षाचा असतो. २०२४ चा तुमच्याकडे असेल. त्यातला मार्च २०२४ चा लाभांश मागच्या आर्थिक वर्षाचा आहे, तो वगळा. मार्च २०२५ च्या लाभांशाचा 1042-S मात्र मार्च २०२६ च्या सुमारास येईल. त्याची वाट पाहू नका, त्या महिन्याचे ब्रोकरचे विवरण जोडा आणि स्वतः सही केलेले निवेदन द्या. कर कापल्याचा पुरावा जोडलेला असेल तर नियम असे निवेदन स्वीकारतो. फॉर्म ६७, शेड्यूल एफएसआय आणि क्रेडिटचा तक्ता असलेले शेड्यूल टीआर या तिन्ही ठिकाणी उत्पन्न, बाहेरचा कर आणि क्रेडिट हे आकडे रुपयापर्यंत सारखे असले पाहिजेत.

मग येते शेड्यूल एफए. तुमचे शेअर त्यातल्या ए३ या तक्त्यात जातात आणि प्रत्येक लॉटची वेगळी ओळ करावी. पहिल्या लॉटची ओळ अशी दिसेल: संपादनाची तारीख १५ मार्च २०२२, सुरुवातीचे मूल्य ६६ शेअर गुणिले ६० डॉलर गुणिले त्या दिवसाचा दर. येथे आधीच्या महिनाअखेरीचा नाही, तर त्याच तारखेचा टीटी बाइंग रेट लागतो. तो ७६ असेल तर ३,००,९६० रुपये होतात, तर पगारातल्या हिशोबाने हेच ६६ शेअर २,९७,००० रुपयांचे होते. हा फरक चूक नाही, तो तसाच राहू द्या. सर्वोच्च मूल्यासाठी वर्षभरात शेअरची संख्या आणि भाव यांचा गुणाकार जेव्हा सर्वाधिक झाला तो दिवस शोधायचा. विक्रीच्या काही दिवस आधी भाव ११२ झाला आणि त्या दिवशीचा दर ८४ असेल, तर ६,२०,९२८ रुपये. वर्षअखेरीला १६ शेअर उरले, भाव १०५ आणि दर ८५, म्हणून १,४२,८०० रुपये. याशिवाय त्या लॉटवर जानेवारी ते डिसेंबरमध्ये मिळालेला ढोबळ लाभांश २१४ डॉलर आणि विक्रीचे ढोबळ ५,५०० डॉलर हेही रुपयांत द्यायचे. दुसऱ्या लॉटचा लाभांश १४० डॉलर. दोन्ही मिळून ३५४ डॉलर होतात. शेड्यूल एफएसआयमध्ये मात्र २८४ होते. मार्च २०२४ चे १०६ येथे आले, मार्च २०२५ चे ३६ येथे नाहीत, एवढाच तो ७० डॉलरचा फरक. असा एक छोटा ताळा कागदावर मांडून फाइलला लावून ठेवा, विचारणा झालीच तर तोच उत्तर देतो.

ब्रोकरच्या खात्यात लाभांशाची रोख पडून असते, म्हणून मी त्या खात्याची नोंद ए२ या तक्त्यातही करतो. पुण्यातल्याच म्युच्युअल फंड वितरकाकडून घेतलेला, अमेरिकी शेअरमध्ये गुंतवणूक करणारा भारतीय फंड मात्र परदेशी मालमत्ता नाही. तो शेड्यूल एफएमध्ये येत नाही. उलट परदेशी ब्रोकरकडून घेतलेला ईटीएफ येतो, आणि त्याचा लाभांश परस्पर गुंतवला जात असेल तर दर वेळी मिळालेला अपूर्णांकही नवा लॉट ठरतो.

दंडाबद्दल अनेक जण अर्धवट ऐकून असतात. काळा पैसा कायदा, २०१५ नुसार परदेशी मालमत्ता न दाखवल्यास १० लाख रुपयांपर्यंतचा नव्हे, तर थेट १० लाख रुपयांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर मालमत्ता सोडून इतर परदेशी मालमत्तेचे एकत्रित मूल्य २० लाखांपेक्षा जास्त नसेल, तर हा दंड लागत नाही. आपल्या उदाहरणात सर्वोच्च मूल्य १० लाखांच्या आतच राहते. पण ही सवलत दंडापुरती आहे. दाखवण्याचे बंधन एका शेअरलाही लागू आहे, आणि न दाखवलेल्या उत्पन्नावरचा कर व व्याज यांवर तिचा काही परिणाम होत नाही.

या उदाहरणात भरायचा कर क्रेडिट वजा जाता ५०,००० रुपयांच्या थोडा वर येतो. आगाऊ कर न भरल्याबद्दल कलम २३४बी खाली एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत नऊ महिन्यांचे दरमहा एक टक्का व्याज, म्हणजे सुमारे साडेचार हजार, आणि त्यावर २३४सी चे थोडे व्याज लागेल. आधी चलन भरा, मग फॉर्म ६७, मग सुधारित आयटीआर-२, आणि ई-पडताळणी त्याच दिवशी करा. ३१ डिसेंबर हुकलीच तर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग उरतो. तेथे कर आणि व्याजावर पहिल्या टप्प्यातच २५ टक्के जास्त भरावे लागतात, आणि वाढीव कर निघत नसेल तर ते भरताच येत नाही. त्यामुळे ज्याचे उत्पन्न पूर्ण दाखवलेले आहे आणि फक्त शेड्यूल एफए राहिले आहे, त्याला डिसेंबरनंतर हा मार्गही खुला नसतो.

२०२२ आणि २०२३ या कॅलेंडर वर्षांत हेच शेअर तुमच्याकडे होते, तेव्हाची विवरणपत्रेही काढून बघा. तेव्हाचा लाभांश दाखवला नसेल, तर त्या वर्षांसाठी अद्ययावत विवरणपत्राचा हिशोब वेगळा करावा लागेल. त्यासाठी ब्रोकरची त्या वर्षांची मासिक विवरणे आजच उतरवून घ्या, कारण नोकरी बदलली की कंपनीमार्फत उघडलेल्या खात्यातली जुनी कागदपत्रे मिळवायला फार वेळ जातो. स्टेट बँकेचे महिनाअखेरीचे दरपत्रकही दर महिन्याला जपून ठेवा. महिन्याचा शेवटचा दिवस सुट्टीचा असेल, जसा ३१ मार्च २०२४ ला रविवार होता, तर त्याआधीच्या कामकाजाच्या दिवसाचे पत्रक ठेवा.